साधा पोलारिस्कोप की वर्तुळाकार, ॲक्रिलिक की पॉलीकार्बोनेट: प्लास्टिकमधले रंगीत पट्टे मोजायचे असतील तर

दोन पोलरॉइड शीट काटकोनात धरल्या की पलीकडचा प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो. त्यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा धरून दाबला की त्या अंधारात रंगीत पट्टे उमटतात. एवढे बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. हे पट्टे मोजता यावेत म्हणून संच उभा करायचा ठरवले की खरेदीच्या यादीपाशी गाडी अडते. नुसत्या दोन पोलरॉइड शीटचा साधा पोलारिस्कोप पुरेल का, की प्रकाशाचा एक भाग पाव तरंगलांबीने मागे पाडणारी क्वार्टर वेव्ह प्लेट घालून वर्तुळाकार पोलारिस्कोप करावा? नमुना ॲक्रिलिकचा कापावा, पॉलीकार्बोनेटचा, की इपॉक्सीचा ओतावा? महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी, विज्ञान केंद्रासाठी किंवा मोल्डिंगच्या कारखान्यात तपासणीसाठी असा संच करणाऱ्यांना मी इथे दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. माझे मत आधीच सांगतो: पोलारिस्कोपपेक्षा प्लास्टिकची निवड जास्त निर्णायक आहे, आणि लोक नेमके तिथेच सर्वांत कमी थांबतात.

पट्टा नेमके काय मोजतो

भाराखाली असलेल्या काचेत प्रकाश दोन वाटांनी जातो, हे डेव्हिड ब्रूस्टरने १८१६च्या सुमारास दाखवले. प्लास्टिकचेही तेच. भार नसताना त्याचा अपवर्तनांक सर्व दिशांना सारखा असतो. भार आला की प्रत्येक बिंदूपाशी प्रतिबलाच्या दोन मुख्य दिशा तयार होतात. त्या एकमेकींना काटकोनात असतात आणि दोन्ही दिशांचे अपवर्तनांक किंचित वेगळे होतात. पहिल्या पोलरॉइड शीटमधून, म्हणजे पोलरायझरमधून, आलेला प्रकाश या दोन दिशांमध्ये विभागला जातो आणि त्यातला एक भाग मागे पडतो. दुसरा पोलरायझर, म्हणजे ॲनालायझर, दोन्ही भागांना पुन्हा एका प्रतलात आणतो. तिथे त्यांचे व्यतिकरण होते आणि पट्टे दिसतात. किती तरंगलांब्यांनी मागे पडला, तो आकडा म्हणजे फ्रिंजचा, म्हणजे पट्ट्याचा, क्रमांक `N`. मोजणीचा सगळा पाया एका ओळीत मावतो:

```
σ1 − σ2 = N · f / h
```

`σ1` आणि `σ2` ही मुख्य प्रतिबले, `h` नमुन्याची जाडी, आणि `f` हा त्या प्लास्टिकचा फ्रिंज स्थिरांक. `f` जितका लहान, तितके कमी भारात जास्त पट्टे.

या ओळीत डावीकडे वजाबाकी आहे, ती नजरेआड करून चालत नाही. पट्टे दोन प्रतिबलांमधला फरक सांगतात, प्रत्येकाचे मूल्य सांगत नाहीत. एखाद्या जागी दोन्ही दिशांनी सारखाच दाब असेल तर तिथे काळे दिसेल, मग दाब कितीही मोठा असो. काळे म्हणजे निवांत, असे मानणे हा या प्रयोगातला सर्वांत सहज होणारा गैरसमज आहे. मोकळ्या कडेवर मात्र कडेला काटकोनातले प्रतिबल शून्यच असते, म्हणून तिथे पट्ट्याचा क्रमांक थेट उरलेले प्रतिबल देतो. भोकाची कड, खाचेची कड, आतला कोपरा अशा जागी ही पद्धत खरी कामाला येते, आणि यंत्राचे भाग तडकतातही तिथेच.

विकृती हवी असेल तर या फरकाला `(1 + ν)/E` ने गुणायचे. `E` हा पदार्थाचा यंगचा गुणांक आणि `ν` हे त्याचे पॉइसन गुणोत्तर. येणारे उत्तर दोन मुख्य विकृतींमधला फरक असतो. इथे एक भेद कामाचा आहे. प्रतलातला, सलग, भोक नसलेला भाग असेल, भार फक्त कडांवर असेल आणि पदार्थ लवचीक मर्यादेत असेल, तर प्रतिबलाची मांडणी पदार्थावर अवलंबून राहत नाही. प्लास्टिकच्या चकतीत वाचलेली प्रतिबले त्याच आकाराच्या, त्याच भाराच्या पोलादी चकतीलाही लागू पडतात. विकृती तशी लागू पडत नाही. पॉलीकार्बोनेटचा `E` सुमारे २.४ गिगापास्कल, पोलादाचा सुमारे २००. म्हणून प्लास्टिकमधली विकृती पोलादापेक्षा ऐंशी-नव्वद पट मोठी असते, आणि पोलादाची हवी असेल तर ती प्रतिबलावरून नव्याने काढावी लागते.

साधा पोलारिस्कोप: काय देतो, काय झाकतो

दोन पोलरायझर काटकोनात आणि मध्ये नमुना, एवढाच साधा पोलारिस्कोप. संगणकाचा एलसीडी पडदा मुळातच ध्रुवित प्रकाश देतो, त्यामुळे पडदा पांढरा करून समोर एक पोलरॉइड शीट धरली तरी काम भागते. खर्च जवळपास शीटपुरताच.

अडचण अशी की या मांडणीत दोन जातींचे पट्टे एकमेकांवर पडतात. एक जात रंगीत, म्हणजे आयसोक्रोमॅटिक. ती प्रतिबलांचा फरक सांगते. दुसरी जात काळी, म्हणजे आयसोक्लिनिक. जिथे मुख्य प्रतिबलाची दिशा पोलरायझरच्या अक्षाशी जुळते तिथे ती उमटते, मग प्रतिबल किती का असेना. हे काळे पट्टे रंगीत पट्ट्यांचे मोठे तुकडे गिळतात. ते ओळखण्याची पद्धत सोपी आहे. नमुना जागेवर ठेवून दोन्ही पोलरायझर एकत्र फिरवा. जो काळा पट्टा नमुन्यावर सरकतो तो आयसोक्लिनिक. जो हलत नाही तो शून्य क्रमांकाचा खरा पट्टा.

आता एलसीडी पडद्याच्या स्वस्त मांडणीतली मेख इथे दिसते. पडदा फिरवता येत नाही, म्हणजे पोलरायझर जागचा हलत नाही. मग नमुना फिरवायला हवा, भाराच्या चौकटीसकट. भार वजने टांगून दिला असेल तर चौकट तिरकी करताच भाराची दिशा बदलते. म्हणून पडदा वापरायचा असेल तर स्क्रूने दाबणारी लहान चौकट घ्या आणि भार मोजायला लोड सेल लावा. टांगत्या वजनांची चौकट असेल तर फिरणारे दोन पोलरायझर घ्या. या दोनपैकी एक जोडी ठरवल्याशिवाय खरेदी करू नये.

आयसोक्लिनिक नुसता अडथळा नाही. मुख्य प्रतिबलांच्या दिशा तोच देतो. पोलरायझर दहा-दहा अंशांनी फिरवत प्रत्येक वेळी काळ्या रेषेचे छायाचित्र घेतले की नमुन्यातल्या दिशांचा नकाशा तयार होतो. प्रतिबल कोणत्या वाटेने वाहते हे शिकवायचे असेल तर साधा पोलारिस्कोपच हवा. वर्तुळाकार मांडणी हे दाखवूच शकत नाही.

वर्तुळाकार पोलारिस्कोप: मोजणाऱ्यासाठी

पोलरायझर आणि नमुना यांच्यामध्ये एक क्वार्टर वेव्ह प्लेट, नमुना आणि ॲनालायझर यांच्यामध्ये दुसरी. दोन्हींचे अक्ष पोलरायझरशी ४५ अंशांत आणि परस्परांशी काटकोनात. नमुन्यावर पडणारा प्रकाश आता वर्तुळाकार ध्रुवित असतो. त्याला स्वतःची अशी एक दिशा नसते, त्यामुळे दिशेवर अवलंबून असलेले आयसोक्लिनिक नाहीसे होतात आणि फक्त मोजायचे पट्टे उरतात. नमुना चौकटीसह कसाही ठेवा, चित्र तेच.

क्वार्टर वेव्ह प्लेट मात्र एकाच तरंगलांबीला नेमकी असते. हिरव्यासाठी केलेली प्लेट लाल आणि निळ्या प्रकाशाला चुकते. म्हणून पांढऱ्या प्रकाशात वर्तुळाकार मांडणीतही काळ्या पट्ट्यांच्या पुसट सावल्या दिसतात. सावल्या दिसल्या म्हणून प्लेट खराब आहे असे समजू नये. हिरवा एलईडी लावा आणि सावल्या जातात का पाहा. हिरव्यातही राहिल्या तर मात्र प्लेटचे अक्ष ४५ अंशांवर बसलेले नाहीत.

बाजारात दोन तऱ्हेच्या शीट मिळतात आणि इथे निवड चुकली तर पुढची मोजणी अडते. एकात पोलरायझर आणि क्वार्टर वेव्ह फिल्म आधीच चिकटवलेली असते. कॅमेऱ्याचा सीपीएल फिल्टर आणि काही त्रिमिती चित्रपटांचे चष्मे याच जातीचे. विरुद्ध हाताच्या, म्हणजे एक उजवीकडे आणि एक डावीकडे फिरणारा प्रकाश देणाऱ्या, दोन शीट, फिल्मच्या बाजू आतल्या अंगाला करून समोरासमोर ठेवल्या की काळ्या पार्श्वभूमीचा वर्तुळाकार पोलारिस्कोप तयार होतो. त्यात ०, १, २ असे पूर्ण क्रमांक काळे दिसतात. एकाच हाताच्या दोन शीट ठेवल्या की पार्श्वभूमी उजळ होते आणि काळे पट्टे ½, १½, २½ वर येतात. दोन्ही छायाचित्रे मिळून अर्ध्या क्रमांकापर्यंत वाचता येते.

त्याच्या पुढे जायचे तर टार्डीची पद्धत लागते. त्यात दोन्ही क्वार्टर वेव्ह प्लेट स्थिर ठेवून एकटा ॲनालायझर फिरवायचा असतो. चिकटवलेल्या शीटमध्ये ते शक्यच नाही, कारण शीट फिरवली की प्लेटही तिच्याबरोबर फिरते आणि चित्र जसेच्या तसे राहते. म्हणून अपूर्णांकातला क्रमांक मोजायचा असेल तर पोलरायझर वेगळा आणि क्वार्टर वेव्ह फिल्म वेगळी घ्या, आणि ॲनालायझरला अंशांची तबकडी लावा. महाविद्यालयासाठी मी हीच मांडणी निवडेन. फिल्म खाचेतून काढता येईल अशी केली की तोच संच साधा पोलारिस्कोपही होतो, आणि वरची सगळी ओढाताण मिटते.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. पांढऱ्या प्रकाशात शून्य क्रमांक तेवढा काळा असतो आणि बाकी सगळे रंगीत, त्यामुळे मोजणी कुठून सुरू करायची ते लगेच कळते. पहिल्या क्रमांकापाशी तांबड्यातून निळ्याकडे जाताना जांभळट रंगाची एक अरुंद रेघ येते आणि तीच तिथली खूण. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकानंतर फिकट गुलाबी आणि फिकट हिरवा एवढेच उरते आणि पुढे डोळ्यांना काही ठरवता येत नाही. एका रंगाच्या प्रकाशात पट्टे दूरवर स्पष्ट राहतात, पण शून्याचा आणि तिसऱ्याचा काळा सारखाच दिसतो. म्हणून आधी पांढऱ्यात शून्य शोधायचा, मग हिरव्यात मोजायचे. `f` तरंगलांबीच्या प्रमाणात बदलतो, तेव्हा ज्या प्रकाशात तो काढला त्याच प्रकाशात वापरायचा.

प्लास्टिक: इथे थांबा

ॲक्रिलिक सगळीकडे मिळते, स्वच्छ असते, लेझरवर सुबक कापले जाते. म्हणून पहिला नमुना बहुधा त्याचाच केला जातो आणि पोलारिस्कोपमध्ये भार देऊनही करड्या छटेपलीकडे काही दिसत नाही. मग दोष पोलरॉइड शीटवर जातो. खरे कारण फ्रिंज स्थिरांकात आहे. खाली ६० मिमी व्यासाच्या, वरून-खालून दाबलेल्या चकतीसाठी तीन प्लास्टिके हिरव्या प्रकाशात शेजारी ठेवली आहेत. आकडे अंदाजी आहेत, कारण ते उत्पादनागणिक बदलतात.

| प्लास्टिक | `f` (न्यूटन प्रति मिमी) | मध्यावर एक पट्टा यायला लागणारा भार |
|---|---|---|
| पॉलीकार्बोनेट | ७ | १६५ न्यूटन |
| इपॉक्सी, खोलीच्या तापमानाला | ११ | २६० न्यूटन |
| ॲक्रिलिक | १४० | ३३०० न्यूटन |

ॲक्रिलिकमध्ये तीन पट्टे पाहायचे तर जवळपास १० किलोन्यूटन, म्हणजे टनभर भार लागेल, आणि त्याआधीच भाराच्या टोकांपाशी चकती चेपेल. जाडी वाढवून सुटका नाही. जाड चकतीत प्रकाशाची वाट लांबते, पण तेवढ्याच भाराला प्रतिबल त्याच प्रमाणात कमी होते, आणि पुढे दिलेल्या चकतीच्या सूत्रातून जाडी निघूनच जाते. तेव्हा नमुन्यासाठी ॲक्रिलिक नको. तो दोष एका जागी गुण ठरतो: भाराची चौकट, आधार, समोरची संरक्षक खिडकी ॲक्रिलिकची करा, म्हणजे तिचे स्वतःचे पट्टे नमुन्याच्या पट्ट्यांत मिसळणार नाहीत.

पॉलीकार्बोनेट आणि इपॉक्सी यांतली निवड जास्त अवघड आहे. पॉलीकार्बोनेट शीट तयार मिळते, चिवट असते, हातून पडले तर फुटत नाही. पण ती शीट साच्यातून ओढून केलेली असते आणि त्या ओढीचे पट्टे तिच्यात आधीच असतात. दुकानातच तपासायचे: वरची संरक्षक फिल्म काढा (ती फिल्म स्वतःच रंग दाखवते आणि फसवते), आणि तुकडा काटकोनातल्या दोन पोलरॉइडमध्ये धरून फिरवा. कोणत्याही कोनात तो काळा किंवा अगदी गडद करडा राहिला तर घ्या. पांढुरका उजळला तर त्याला ओव्हनमध्ये १२० ते १३० अंश सेल्सिअसला काही तास ठेवून तासाला पाच-दहा अंशांच्या गतीने थंड करावे लागेल. १४५ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, त्यामुळे ओव्हनचा आकडा वेगळ्या तापमापकाने पडताळून घ्या. लेझरवर पॉलीकार्बोनेट कापू नका. कड तपकिरी जळते. धारदार कटरने, थोडे थोडे, हवेने थंड ठेवत कापायचे. कड तापली की तिथे पट्टे कायमचे बसतात.

इपॉक्सी आपल्याला ओतावी लागते. आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत अराल्डाइट सीवाय-२३० आणि एचवाय-९५१ हार्डनर हीच जोडी वापरली जाते. मिश्रण हळू ढवळायचे, बुडबुडे निघू द्यायचे, आणि एका वेळी फार जाड ओतायचे नाही, कारण घट्ट होताना ते स्वतः तापते आणि आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगळ्या गतीने आकसतो. ओतलेल्या इपॉक्सीत शीटची ओढ नसते, हा तिचा मोठा फायदा. तोटा वेळेचा आहे. कापलेली कड हवेतली वाफ शोषते, फुगते, आणि काही दिवसांत कडेलगत भाराशिवायच पट्टे उमटू लागतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात हे आणखी लवकर होते. नमुना कापला की त्याच दिवशी मोजायचा, नाही तर सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवायचा.

त्रिमितीय भागाच्या आत काय चालले आहे ते पाहायचे असेल तर इपॉक्सीला पर्याय नाही. भार ठेवून ती तापवली आणि भारासकट हळू थंड केली की पट्टे तिच्यात गोठतात. मग भाग कापून चकत्या केल्या तरी पट्टे जातच नाहीत. मात्र याला उष्णतेवर घट्ट होणारी इपॉक्सी आणि नियंत्रित भट्टी हवी. पहिला संच करणाऱ्याने तिकडे वळू नये, असे मला वाटते. शिकवण्यासाठी आणि सपाट नमुन्यांसाठी पॉलीकार्बोनेट घ्या, तापवून घेण्याची तयारी ठेवून.

एक चकती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पॉलीकार्बोनेटची ६० मिमी व्यासाची, ६ मिमी जाडीची चकती उभी ठेवून वरून-खालून दाबायची. चकतीच निवडण्याचे कारण तिच्या मध्यबिंदूचे उत्तर नेमके माहीत आहे; `P` हा भार आणि `D` हा चकतीचा व्यास:

```
σ1 − σ2 = 8P / (π D h)
f = 8P / (π D N)
```

शिवाय मध्यापाशी हा फरक जागेनुसार सावकाश बदलतो, म्हणून बिंदू मिलिमीटरभर चुकला तरी आकडा फारसा हलत नाही.

भार देण्याआधी चकतीची कड पाहा. टोकांवर एकवटलेल्या भाराखालीसुद्धा चकतीच्या परिघावर, भाराचे दोन बिंदू सोडले तर, प्रतिबल शून्य असते. म्हणजे काळ्या पार्श्वभूमीच्या चित्रात संपूर्ण कड काळी दिसायला हवी. कडेलगत उजळ कंगोरा दिसला तर तो कापताना आलेल्या उष्णतेचा किंवा ओलाव्याचा. असा नमुना बाजूला ठेवा. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची चाचणी दुसऱ्या आकारात क्वचितच मिळते.

आता भार वाढवायचा. पट्टे भाराच्या टोकांपाशी जन्मतात आणि मध्याकडे सरकतात. पहिला पट्टा मध्यावर आला की भार टिपा, मग दुसरा, मग तिसरा. वर दिलेल्या `f` ने ते १६५, ३३० आणि ४९५ न्यूटनला यायला हवेत. एकास दहा तरफ असेल तर दर पट्ट्याला सुमारे पावणेदोन किलो वजन. क्रमांक पडताळायला आडव्या व्यासावरून मोजा: डाव्या कडेला शून्य, मग आत येताना १, २, आणि मध्यावर ३. भाराच्या टोकाकडून मोजू नका, तिथे पट्टे इतके दाटतात की सुटे होत नाहीत. पॉलीकार्बोनेट भार तोच असतानाही हळूहळू विकृत होत राहते, म्हणून प्रत्येक भारानंतर सारखाच वेळ थांबून वाचा.

साधा पोलारिस्कोप वापरत असाल तर इथे एक सापळा आहे. पोलरायझरचा अक्ष उभा ठेवला तर मध्यबिंदू काळ्या आयसोक्लिनिकखाली गडप होतो, कारण चकतीच्या उभ्या आणि आडव्या व्यासांवर मुख्य दिशा उभी-आडवीच असते. दोन्ही पोलरायझर ४५ अंशांवर फिरवा. मध्य मोकळा होतो. या एका बिंदूसाठी साधा पोलारिस्कोपही पुरतो. खाचेच्या किंवा भोकाच्या कडेभोवती दिशा सतत वळत जाते, तिथे मात्र वर्तुळाकार मांडणीच सोयीची.

समजा भार १५०, ३१५ आणि ४८० न्यूटन असे आले. प्रत्येकावरून वेगळा `f` काढला तर ६.३७, ६.६८, ६.७९ अशी चढती ओळ दिसते आणि प्लास्टिकच बदलतेय की काय असे वाटते. त्याऐवजी भार आणि क्रमांक यांचा आलेख काढा. रेषा सरळ आहे, दर पट्ट्याला १६५ न्यूटन, फक्त ती शून्यातून जात नाही, तर १५ न्यूटनने सरकलेली आहे. म्हणजे `f` सातच आहे, आणि चकतीच्या मध्यावर आधीपासून सुमारे ०.०९ पट्टा साठलेला होता, किंवा चौकटीचे वजन मोजायचे राहिले. म्हणून एका भारावरून स्थिरांक कधी ठरवू नये, उतारावरून ठरवावा.

४०० न्यूटनवर मध्य दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या मध्ये असतो. टार्डीसाठी पोलरायझरचा अक्ष मध्यबिंदूच्या मुख्य दिशेशी, म्हणजे उभा, जुळवा आणि एकटा ॲनालायझर फिरवा. १८० अंश म्हणजे एक पट्टा. दुसरा पट्टा सरकत मध्यावर ७६ अंशांना आला, तर क्रमांक २ अधिक ७६/१८०, म्हणजे २.४२. सूत्राने येणारा आकडाही तोच.

आता ४९५ न्यूटनचे वाचन उलगडा. तीन पट्टे गुणिले ७ भागिले ६, म्हणजे प्रतिबलांचा फरक ३.५ मेगापास्कल. `ν` सुमारे ०.३८ धरून विकृतींमधला फरक ०.००२, म्हणजे मिलिमीटरमागे दोन मायक्रॉन. डोळ्यांना न दिसणारी ही विकृती तीन ठळक पट्ट्यांमध्ये उभी राहते. पण त्या ३.५ मध्ये ताण किती आणि दाब किती, हे पट्टे सांगत नाहीत. चकतीच्या गणितातून माहीत आहे की मध्यावर उभा दाब आडव्या ताणाच्या तिप्पट असतो, म्हणून २.६ दाब आणि ०.९ ताण असे वेगळे करता येते. अनोळखी आकारात ही मदत नसते. तिथे कडेवरून सुरुवात करून दिशांचा नकाशा धरत आत गणित करत जावे लागते, किंवा संगणकावरच्या गणनेशी पट्टे ताडून पाहावे लागतात. मद्रासच्या आयआयटीत प्रा. के. रमेश यांनी कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरून हे वाचन संगणकाकडे सोपवण्याच्या पद्धतींवर दीर्घकाळ काम केले आहे.

मोल्ड केलेल्या वस्तू तपासायच्या असतील तर

कारखान्यात निवड बरोबर उलटी होते. कंपासपेटीतला कोनमापक किंवा सीडीची डबी काटकोनातल्या पोलरॉइडमध्ये धरली की भार नसताना रंगांची दाटी दिसते. तिथे टार्डी आणि वर्तुळाकार मांडणी यांवर पैसे घालू नयेत. मोल्ड केलेल्या वस्तूतले रंग दोन कारणांचे असतात. गरम प्लास्टिक साच्यात वाहताना त्याच्या रेणूंच्या साखळ्या एका दिशेला लोळतात आणि तशाच थिजतात, ते एक. आणि असमान थंड होण्याने अडकून राहिलेले प्रतिबल, ते दुसरे. पोलारिस्कोप दोघांची बेरीज दाखवतो. भाराच्या चकतीवर काढलेला `f` या बेरजेला लावून मेगापास्कल लिहिणे चूक आहे.

इथे साधा, मोठ्या आकाराचा पोलारिस्कोप आणि पांढरा प्रकाशच बरा. शेजारी चांगला ठरलेला नग ठेवायचा आणि नवा नग त्याच दिशेला धरून ताडून पाहायचा. गेटपाशी पट्टे जास्त दाटले, एखाद्या कोपऱ्यात नवे पट्टे आले, तर दाब, साच्याचे तापमान किंवा थंड होण्याचा वेळ बदलला आहे. वस्तू ॲक्रिलिकची असेल आणि रंग करड्यातच अडकत असतील, तर मध्ये पूर्ण तरंगाची टिंट प्लेट घाला. पार्श्वभूमी किरमिजी होते, आणि अगदी थोडा फरकही एका दिशेला निळा, दुसऱ्या दिशेला पिवळा होऊन उठून दिसतो.

रेणूंची दिशा आणि अडकलेले प्रतिबल यांत फरक करायचा असेल तर एक नग बळी द्यावा लागतो. बारीक करवतीने, न तापवता, दाट पट्ट्यांच्या जागेतून तो कापा आणि दोन्ही तुकडे पुन्हा पाहा. प्रतिबल कापल्यावर मोकळे होते, त्यामुळे त्याचे पट्टे सरकतात किंवा विरळ होतात. साखळ्यांची दिशा कापल्याने बदलत नाही. पट्टे होते तिथेच राहतात. वस्तू वापरात तडकण्याचा धोका अडकलेल्या प्रतिबलाच्या पट्ट्यांत जास्त असतो, विशेषतः तिला पुढे स्पिरिटने पुसले जाणार असेल तेव्हा. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेला अल्कोहोल लागताच बारीक भेगांचे जाळे उमटते, ते याच अडकलेल्या प्रतिबलामुळे. अशा वस्तू पुसण्याआधी ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून हळू थंड कराव्या आणि पुन्हा पोलारिस्कोपखाली धरून कडेचा उजळ कंगोरा गेला आहे का ते पाहावे.